समीक्षण आधी दाखवणार नाही : सांगलीच्या एका संगीत मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांना,
सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांना पाठवलेलं पत्र त्यांनी माझ्या हातात ठेवलं. यापुढे मंडळाच्या मैफलींचं समीक्षण छापण्यापूर्वी समितीला दाखवावं, ‘निमंत्रित कलाकारांचा अवमान होईल असा मजकूर’ समिती सुचवेल तसा वगळावा आणि हे मान्य नसेल तर समीक्षकाचा पास बंद, असा आपला ठराव आहे. डिसेंबरातल्या मैफलीवर मी जे लिहिलं त्यावरून हा ठराव झाला, हे आपण पत्रात लिहिलेलं नाही. गावात मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

मी उत्तर खासगीत देऊ शकलो असतो. पण ठरावाचा संबंध वाचकांच्या हक्काशी आहे, म्हणून उत्तरही वाचकांसमोरच द्यावं असं वाटलं. मंडळाचा मी जुना सभासद आहे आणि वर्गणी वेळेवर भरतो. एवढंच माझं नातं. मी गवई नाही. तरुणपणी काही वर्षं मिरजेत एका गुरुजींच्या मागे तंबोरा धरून बसलो, त्यातून कान तयार झाला आणि त्या कानाच्या भरवशावर लिहितो.

आपल्याला खटकलेली वाक्यं तीन. मी लिहिलं होतं की, पुरिया चालू असताना सभागृहात सतत पंचम ऐकू येत होता. दुसरं, पेटीचा गंधार आणि गायिकेचा गंधार जुळत नव्हता. तिसरं, द्रुत ख्यालातल्या ताना तीनदा मारव्याच्या अंगणात जाऊन आल्या. यातलं पहिलं वाक्य तर गायिकेबद्दल नव्हतंच. ते आपल्याबद्दल होतं, आणि त्याच्याच पुढच्या ओळीत तसं स्पष्ट म्हटलेलं आहे. तरीही आपण ते ‘कलाकाराचा अवमान’ या सदरात घातलंत, म्हणून ते प्रकरण नीट उलगडून सांगतो.

पुरियात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकीचे स्वर शुद्ध आणि पंचम पूर्ण वर्ज्य. म्हणून असल्या रागाला तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला न लावता मंद्र निषादाला लावतात. त्या संध्याकाळी गायिकेनं तेच केलं. व्यासपीठावर सत्कार चालू होते, श्रीफळं इकडून तिकडे जात होती आणि त्या मागे बसून दोन्ही तंबोऱ्यांच्या खुंट्या पिळत होत्या. एका तंबोऱ्याची जवारी बोलत नव्हती. त्यांनी घोडीवरच्या तारेखालचं सूत अगदी केसभर पुढे सरकवलं, तार छेडली, पुन्हा सरकवलं. माईकवरच्या भाषणात त्यांना किती ऐकू येत असेल देव जाणे. पण तार लागली. दुसऱ्या रांगेत बसलेल्या मला निषाद खणखणीत ऐकू आला.

आणि मग गाणं सुरू झाल्यावर स्पीकरमधून ऐकू येऊ लागला तो पंचम.

मध्यंतरात मी मिक्सरच्या टेबलापाशी गेलो. तिथे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी ठेवलेली होती आणि तिची वायर थेट मिक्सरमध्ये होती. साऊंडवाल्या मुलानं पट्टी बरोबर लावली होती, काळी चार. पण पहिल्या तारेचं बटण पंचमावरच होतं. ‘खऱ्या तंबोऱ्यांचे माईक बंद का?’ असं विचारलं तर म्हणाला, ‘काका, ते उघडले की शिट्टी मारतंय, म्हणून ही पेटी दिलीय.’ मुलाचा दोष मी मानत नाही. त्याला पुरिया म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं. गायिकेलाही कळायला मार्ग नव्हता, कारण तिच्या मॉनिटरमध्ये फक्त तिचा आवाज, तबला आणि पेटी सोडलेली होती. ती आपल्या मागच्या निषादावर गात होती आणि पाचशे श्रोते पंचमावर ऐकत होते.

याचा परिणाम काय होतो? पुरियातली सगळी ओढ निषाद आणि गंधार यांच्यामध्ये आहे. मंद्र सप्तकात ‘नि ध नि’ करून स्वर निषादावर टेकवायचा आणि तिथून षड्जाला उगाच घाई करायची नाही, ही त्याची चाल. खाली निषाद वाजत असला तर ते टेकणं विसाव्याचं वाटतं. खाली पंचम वाजत असला तर तीव्र मध्यम लागला की त्याच्या अगदी शेजारी, अर्ध्या स्वरावर, दुसरा स्वर घोंघावत राहतो. श्रोत्याला कारण कळत नाही. त्याला एवढंच वाटतं की आज बाईंचा मध्यम काही गोड लागत नाही. बाहेर चहाच्या टपरीवर दोघांनी माझ्यादेखत तसं म्हटलंसुद्धा. म्हणजे पंचमाचा ठपका कुणावर पडला ते पाहा. तो त्यांच्यावरून उतरावा म्हणूनच मी ते वाक्य लिहिलं. आपल्या ठरावाप्रमाणे ते आधी दाखवलं असतं तर सर्वांत आधी तेच कापलं गेलं असतं आणि वाचकांपर्यंत फक्त ‘मध्यम गोड लागला नाही’ एवढंच पोचलं असतं.

यात मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मिरज आपल्यापासून दहाएक किलोमीटरवर. तिथल्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा सत्कारही त्याच व्यासपीठावर, त्याच संध्याकाळी, आपण केलात. आणि त्याच व्यासपीठावर मिरजेचे दोन तंबोरे माईक बंद करून ठेवले होते.

आता पेटीच्या गंधाराबद्दल. आपल्या पत्रात ‘वादकाच्या तयारीवर अकारण शंका’ असं म्हटलं आहे. मी तयारीवर शंका घेतलेली नाही. पेटी ज्या पद्धतीनं लावलेली असते तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार, तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भाग चढा. तान घेताना हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. पण विलंबितात गायिका गंधारावर आठ-दहा सेकंद थांबली आणि पेटीवाल्यानंही गंधाराची पट्टी दाबून धरली, की दोन आवाजांमध्ये एक थरथर सुरू होते. ती शोधायची असेल तर गायिकेनं श्वास घेतला की लक्ष द्या. थरथर लगेच थांबते आणि नुसता पेटीचा गंधार उघडा पडतो.

हा आपल्याकडे जुनाच वाद आहे आणि त्यात सांगली-साताऱ्याचा मोठा वाटा आहे. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, त्या मोजमापांना अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा मिळाला आणि पुढे याच खटपटीतून श्रुतींची पेटी तयार झाली. ज्या गावांनी शंभर वर्षांपूर्वी पेटीच्या गंधारावर एवढा विचार केला, तिथे आज त्याबद्दल एक ओळ लिहिली तर अवमान व्हावा, हे मला पटत नाही.

त्या तरुण पेटीवाल्यानं काय करायला हवं होतं, तेही मी लिहिलं होतं. गायिका गंधारावर उभी असताना पट्टीवरचं बोट उचलायचं, षड्ज हलका धरायचा आणि ती निघाली की मागून जायचं. जाणते साथीदार हेच करतात. उत्तरार्धात बागेश्रीला त्यानं बऱ्याच जागी नेमकं हेच केलं आणि मी त्याचं कौतुकही केलं होतं. ती ओळ आपल्या पत्रात आलेली नाही.

तिसरं वाक्य मात्र गायिकेबद्दलच आहे आणि ते मी मागे घेणार नाही. पुरिया आणि मारवा यांचे स्वर तेच. फरक आहे तो कुठे थांबायचं याचा. पुरिया गंधार-निषादावर जगतो आणि मंद्रात रमतो. मारवा कोमल रिषभ आणि धैवतावर उभा राहतो आणि षड्जाला शक्य तितका चुकवतो. द्रुत तीनतालात त्यांनी तीन ताना अशा घेतल्या की प्रत्येक तान धैवतावर येऊन थांबली, आणि तिथून ‘ध म ग रे’ असं सरळ उतरून रिषभावर रेंगाळली. तिसऱ्या खेपेला शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, ‘राग बदलला का हो?’ जाणत्या श्रोत्याला जे जागेवर जाणवलं ते समीक्षणात नसेल, तर दुसऱ्या दिवशी तो समीक्षणावर विश्वास का ठेवेल?

पण त्याच परिच्छेदात मी आणखी दोन गोष्टी लिहिल्या होत्या, त्या आपण वाचल्यात का? पहिली वेळेची. पत्रिकेवर सहा वाजता लिहिलेलं होतं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून संधिकाळचा पुरिया योजला गेला. प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं मनोगत, देणगीदारांचे सत्कार आणि मग विसरलेल्या एका देणगीदाराचा सत्कार असं करत साडेसात झाले. मध्यंतर सव्वाआठला ठरलेलं होतं, ते मात्र सव्वाआठलाच झालं. म्हणजे सव्वादोन तासांतले दीड तास आपले आणि पाऊण तास गाण्याचा.

त्या पाऊण तासाचा हिशेब करू. त्यांचा विलंबित एकताल खूपच संथ होता, एक मात्रा साधारण चार सेकंदांची. बारा मात्रांचं एक आवर्तन म्हणजे जवळपास पन्नास सेकंद. अर्ध्या तासात चाळिसाच्या आत आवर्तनं मिळाली. त्यातली पहिली पंधराएक त्यांनी मंद्रात आणि गंधारापर्यंतच ठेवली. माझ्या मते संध्याकाळचा सर्वांत मोलाचा भाग तोच होता. निषादावरून निघून प्रत्येक वेळी गंधाराकडे जाण्याची वाट त्या थोडी वेगळी करत होत्या. एकदा मधे रिषभाला नुसता स्पर्श करून, एकदा तो पूर्ण टाळून, एकदा मध्यमापर्यंत जाऊन मागे वळून. मुखडा पकडताना घाई नव्हती. समेच्या दोन मात्रा आधीपर्यंत त्या निवांत असायच्या आणि तरी समेवर बरोबर यायच्या. अशी बढत उरलेल्या आवर्तनांत तार षड्जापर्यंत न्यायची म्हणजे मधले मजले गाळावेच लागतात. ते गाळले गेले. मी लिहिलं ते असं : ‘उत्तरांगाची बढत तोकडी राहिली; वेळ पाहता ते अटळ होतं.’

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. आठ वाजता आपले एक कार्यकर्ते वाकून व्यासपीठावर गेले आणि गायिकेच्या गुडघ्यापाशी घडी केलेला कागद ठेवून आले. त्यांनी तो गाता गाता उलगडला, वाचला आणि पुढच्याच आवर्तनात बडा ख्याल आवरला. मग द्रुत, मग त्या ताना. चिठ्ठीमुळे ताना मारव्यात गेल्या असं मी लिहिलं नाही, कारण ते मला माहीत नाही. चिठ्ठी पाहिली, ती लिहिली. ताना ऐकल्या, त्याही लिहिल्या. दोन्हींची सांगड वाचकानं आपापली घालावी. आपल्याला मात्र वाचकापर्यंत यातली एकही गोष्ट पोचायला नको आहे.

आपण समीक्षणाच्या जागी पाठवू पाहता ते प्रसिद्धीपत्रक माझ्यासमोर आहे. ‘रसिक मंत्रमुग्ध झाले. तबला व संवादिनीची समर्पक साथ लाभली. टाळ्यांच्या कडकडाटात मैफलीची सांगता झाली.’ यात रागांची नावं नाहीत. मंडळाच्या सर्व पदाधिकाऱ्यांची आहेत. मागच्या वर्षीचं पत्रकही मी काढून पाहिलं, त्यात कलाकार वेगळे आणि वाक्यं हीच. आचाऱ्यानं प्रत्येक पंगतीला तेच वरण वाढावं तसं.

या ‘समर्पक साथी’नं सर्वांत जास्त अन्याय तबलजीवर होतो. आपल्याच जिल्ह्यातला तो मुलगा, वय फार तर पंचवीस. इतक्या संथ एकतालात दोन मात्रांमधली पोकळी भरून काढण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. त्यानं ठेका जवळजवळ कोरा ठेवला, भरणी अगदी मोजकी केली आणि अर्ध्या तासात लय ना चढली ना उतरली. शिवाय आपल्या साऊंडमध्ये तबला इतका वर होता की बायाँ प्रत्येक वेळी छातीवर आदळत होता. मागच्या रांगांना त्याची साथ आडदांड वाटली असणार. पुढच्या रांगेत, स्पीकरच्या मागून त्याचा खरा हात ऐकू येत होता, आणि तो फार हलका होता. हे लिहायचं कुणी? त्या मुलाला पुढचं काम ‘समर्पक’ या शब्दावर मिळणार नाही. त्याच्या संथ एकतालाबद्दल कुणी चार ओळी नेमक्या लिहिल्या तर कदाचित मिळेल.

कलाकारांचा मान राखण्याबद्दल आपण लिहिता, म्हणून एक सांगतो. समीक्षण छापून आल्यावर त्या गायिकेचा किंवा त्यांच्या शिष्यांचा तक्रारीचा शब्द आमच्या साप्ताहिकाकडे आलेला नाही. आला असता तर आम्ही तो छापला असता. मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मृतीत होणाऱ्या सभेला मोठमोठे गवई हजेरी लावतात आणि समोर बसलेला हमाल किंवा तंबोरे बनवणारा कारागीरही चुकलेल्या जागेला मान हलवत नाही. तो गवई ते पाहत असतो. या भागात गायला येणाऱ्यांना असा श्रोता नवा नाही. आपणच त्यांना फार नाजूक समजता आहात.

आता मागण्या, अगदी साध्या.

समीक्षण आधी दाखवण्याचा ठराव रद्द करावा. माहितीची चूक राहू नये म्हणून बंदिशीचे शब्द, साथीदारांची नावं, तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावं आम्ही मैफलीनंतर आपल्याकडून तपासून घेऊ. मत तपासून घेणार नाही.

समीक्षणावर कलाकाराला किंवा मंडळाला काही म्हणायचं असेल तर ते पुढच्या अंकात, त्याच पानावर, काटछाट न करता छापलं जाईल. संपादकांनी तसं कबूल केलं आहे. तेवढीच सवलत कार्यकारिणीनंही आम्हाला द्यावी : पत्र पाठवायचं ते छापण्यासाठी पाठवावं, संपादकांच्या कानात सांगण्यासाठी नको.

पत्रिकेवर दोन वेळा छापाव्यात, एक समारंभाची आणि एक गाण्याची. सत्कार हवे तेवढे करा, पण गाण्याच्या वेळेला गाणं सुरू होऊ द्या. रागाची वेळ पाळायची इच्छा असलेल्या कलाकाराला ती आगाऊ कळवा. गाणं चालू असताना चिठ्ठी पाठवू नका. किती वेळ आहे ते सुरुवातीलाच सांगा.

निदान एका तंबोऱ्याला माईक द्या. शिट्टी येते ती बहुतेक वेळा मॉनिटरचं तोंड तंबोऱ्याच्या माईककडे असतं म्हणून. मॉनिटर वळवून, त्यातला आवाज उतरवून आणि माईक भोपळ्याऐवजी घोडीजवळ आणून पाहा. त्यासाठी श्रोते आत येण्यापूर्वी अर्धा तास लागेल. तेवढ्या वेळात गायिकेला विचारा की पहिली तार कशाला लावणार, आणि ते एका कागदावर लिहून साऊंडवाल्या मुलाच्या टेबलावर चिकटवा. मध्यंतरात मी त्याला सांगितल्यावर बागेश्रीसाठी त्यानं ते बटण स्वतःहून मध्यमावर नेलं होतं आणि मला अंगठा दाखवून ‘बरोबर?’ असं विचारलं होतं. त्या मुलाला शिकायची हौस आहे. त्याचा उपयोग करून घ्या.

पासचं म्हणाल तर तो बंद केलात तरी हरकत नाही. फेब्रुवारीतल्या मैफलीचं तिकीट मी काढतो आहे, जागा मागच्या रांगांतली. तिथे कसं ऐकू येतं ते या वेळी लिहायचं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपल्या मंडळाचा एक सभासद आणि श्रोता,
सांगली